गोडाऊनमध्ये बाराशे डझन, पण विकायचे किती?

मे महिना लागला की आप्पा बळवंत चौकातल्या वह्यांच्या घाऊक दुकानात एकाच मालावर दोघांचा डोळा असतो. एक म्हणजे शाळा. ती एप्रिलमध्येच ॲडव्हान्स देऊन ऑर्डर पक्की करते, पण माल तिला नंतर, शाळा उघडायच्या आधी हवा असतो. दुसरा म्हणजे सासवड, शिरूर किंवा भोरहून टेम्पो घेऊन आलेला स्टेशनरीवाला. तो रोख पैसे मोजतो आणि त्याला माल आत्ता, याच फेरीत न्यायचा असतो.

इथे दुकानदार दोन तऱ्हेने फसतो. एखादा धास्तावतो, गठ्ठ्यांवर शाळांच्या नावाच्या चिठ्ठ्या डकवून ठेवतो आणि रोखीच्या गिऱ्हाइकाला ‘माल बुक आहे’ म्हणून परत पाठवतो. तो माल पुढचे चार आठवडे जागा अडवून नुसता पडून राहतो. दुसरा समोर येईल त्याला विकत सुटतो आणि शाळेच्या डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी शेजारच्या दुकानातून चढ्या भावाने वह्या उचलतो. दोघांचीही अडचण एकच असते. आज नव्या गिऱ्हाइकाला किती मालाचा शब्द देता येईल, हा आकडा दोघांकडेही नसतो.

उत्पादन आणि वितरणाच्या क्षेत्रात या आकड्याला ‘अव्हेलेबल टू प्रॉमिस’, थोडक्यात एटीपी, म्हणतात. मोठ्या कारखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आपोआप निघतो. तीन खोल्यांच्या दुकानातही तो काढता येतो आणि त्यासाठी एक शीट पुरते. फक्त त्यात काय धरायचं आणि काय नाही, हे आधी पक्कं करावं लागतं.

धरायच्या गोष्टी तीनच आहेत. पहिली, हातातला विकण्याजोगा माल. कोपरे दबलेले, ओल लागलेले गठ्ठे आणि नमुन्याच्या वह्या यांतून वगळायच्या. शाळेकडून परत येणारा मालही दारात येऊन तपासला जाईपर्यंत धरायचा नाही. दुसरी, पक्क्या ऑर्डरी. प्रत्येक ऑर्डरची डिलिव्हरीची तारीख आणि त्यातलं अजून द्यायचं बाकी किती, हे दोन्ही हवं. तिसरी, वही बनवणाऱ्याने तारीख देऊन कबूल केलेला येणारा माल.

अंदाज यात येत नाही. ‘गेल्या वर्षी एवढे गेले होते, यंदा एवढे जातील’ हा हिशेब खरेदी ठरवताना करायचा. आणि अंदाज कसे बदलतात हे वह्यांच्या धंद्याने जवळून पाहिलं आहे. २०२३-२४ पासून बालभारतीच्या काही इयत्तांच्या पुस्तकांतच लिहायची कोरी पानं आली आणि २०२५ मध्ये शासनाने तो निर्णय मागे घेतला. मागणी किती हलेल हे कोणाला छातीठोक सांगता येणार होतं? एटीपीला त्याच्याशी देणंघेणं नाही. तो फक्त दिलेले शब्द आणि मिळालेले शब्द मोजतो. त्यामुळे नुसतं कोटेशन, किंवा फोनवरचं ‘शंभर डझन ठेवून द्या हो, सांगतो उद्या’ हेही त्यात येत नाही. असं तोंडी राखणं करायचंच असेल तर दोन दिवसांची मुदत घालून करावं आणि मुदत संपली की कोणालाही न विचारता ते मोकळं करावं.

आता एकाच मालाचा हिशेब करून पाहू. २०० पानी लांब वही, एकरेघी. आकडे नमुन्याचे आहेत, पण मे महिन्यात अशा दुकानात दिसतात तसेच आहेत.

आज १२ मे. गोडाऊनमध्ये १,२४० डझन आहेत, त्यातले ४० डझन खराब. म्हणजे विकण्याजोगे १,२००. कारखान्याकडून २६ मेला ८०० डझन आणि ५ जूनला १,००० डझन येणार आहेत. पक्क्या ऑर्डरी पाच आहेत. कोथरूडच्या शाळेला २० मेला ५०० डझन, हडपसरच्या शाळेला २८ मेला ३००, सासवडच्या दुकानदाराला ३० मेला २५०, चिंचवडच्या शाळेला ९ जूनला ७०० आणि वारज्याच्या शाळेला १२ जूनला ४५०.

सगळ्या ऑर्डरींची बेरीज होते २,२०० डझन आणि हातात आहेत १,२००. नुसतं एवढं पाहिलं तर आपण हजार डझनांनी कमी आहोत आणि आज एकही वही विकू नये असं वाटतं. चिठ्ठ्या डकवणारा दुकानदार नेमकं हेच पाहत असतो. पुढच्या ऑर्डरी पुढे येणाऱ्या मालातून भागतील, हे त्याच्या हिशेबात येतच नाही.

एटीपीची रीत अशी. माल ज्या ज्या तारखेला येणार, तिथे काळाचे तुकडे पाडायचे. इथे तीन तुकडे पडतात: आजपासून २५ मेपर्यंत, २६ मे ते ४ जून आणि ५ जूनच्या पुढे. प्रत्येक तुकड्यात त्या तुकड्याच्या सुरुवातीला हाती येणारा माल घ्यायचा आणि त्याच तुकड्यात द्यायच्या ऑर्डरी त्यातून वजा करायच्या. पहिल्या तुकड्यात १,२०० मधून कोथरूडचे ५०० गेले, उरले ७००. दुसऱ्यात ८०० मधून हडपसर आणि सासवडचे मिळून ५५० गेले, उरले २५०. तिसऱ्यात १,००० आले, पण द्यायचे आहेत १,१५०. म्हणजे १५० कमी पडतात.

पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि दुसऱ्या तुकड्यातले २५० मोकळे समजून विकून टाकतात. मग जूनमध्ये शाळेचा खड्डा उघडा पडतो. तो खड्डा मागच्या तुकड्याने भरायचा असतो, आणि तोही सर्वांत जवळच्या मागच्या तुकड्याने. म्हणून हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करत यायचं. तिसऱ्याची १५० ची तूट दुसऱ्याच्या २५० मधून भरली, दुसऱ्यात उरले १००. पहिल्याला हात लावायची गरज पडली नाही.

| तुकडा | हाती येणारा माल | द्यायच्या ऑर्डरी | फरक | मोकळा माल |
|---|---|---|---|---|
| १२ ते २५ मे | १,२०० | ५०० | ७०० | ७०० |
| २६ मे ते ४ जून | ८०० | ५५० | २५० | १०० |
| ५ जूनपासून | १,००० | १,१५० | −१५० | ० |

याचा अर्थ, आज समोर उभ्या असलेल्या स्टेशनरीवाल्याला ७०० डझनांपर्यंत बिनधास्त माल देता येतो. २६ मेनंतर आणखी १०० देता येतील. ५ जूनच्या मालातला एकही गठ्ठा मोकळा नाही.

हाच हिशेब टॅलीत पाहायला गेलात तर जरा जपून. टॅलीप्राइमच्या `Reorder Status` रिपोर्टमध्ये हातातला साठा, येणं बाकी असलेली खरेदी आणि देणं बाकी असलेल्या ऑर्डरी शेजारी शेजारी दिसतात आणि शेवटी `Nett Available` असा निव्वळ आकडा येतो. आपल्या उदाहरणात तो निघतो १,२०० अधिक १,८०० वजा २,२००, म्हणजे ८००. आकडा चूक नाही, पण तो सगळ्या तारखा एकत्र करून काढलेला आहे. त्यावर विसंबून आज ८०० डझन विकलेत, तर गोडाऊनमध्ये ४०० उरतील आणि २० मेला कोथरूडची शाळा ५०० मागेल. २६ तारखेचा माल सहा दिवस उशिराचा आहे, तो तिथे कामाचा नाही. ईआरपीनेक्स्टमधल्या `Projected Qty` या आकड्याचंही असंच आहे. हे निव्वळ आकडे खरेदी कधी करायची हे ठरवायला चांगले आहेत. विक्रीचा शब्द देताना तारीखवार तुकडेच पाहावे लागतात.

आता या हिशेबाची सर्वांत कच्ची बाजू. पक्क्या ऑर्डरी आपल्या हातात असतात, येणारा माल नसतो. समजा १५ मेला कारखान्यातून फोन आला की २६ तारखेचे ८०० डझन २ जूनला निघतील, कागद उशिरा आला. एकूण मालात एका डझनाचाही फरक पडला नाही आणि टॅलीतला ८०० चा आकडा जागचा हलला नाही. पण आता २ जूनच्या आधी हातातल्या १,२०० मधूनच कोथरूड, हडपसर आणि सासवड तिघांना द्यायचे आहेत, म्हणजे १,०५०. मोकळे उरले फक्त १५०. काल जो आकडा ७०० होता तो एका फोनने १५० झाला. या तीन दिवसांत तुम्ही काउंटरवर ४०० डझन विकून बसला असाल, तर २५० डझनांचा वायदा आधीच मोडलेला आहे. तो ३० मेला उघड होईल, एवढंच.

म्हणून येणाऱ्या मालाची तारीख हिशेबात लिहिताना कारखान्याने सांगितलेली तारीख जशीच्या तशी लिहू नये. त्या कारखान्याच्या गेल्या दोन हंगामांतल्या चलनांवरून सांगितलेली आणि प्रत्यक्ष माल उतरल्याची तारीख काढा आणि नेहमीचा उशीर जितका दिसेल तितके दिवस पुढे ढकला. चार दिवस दिसले तर २६ मेच्या जागी ३० मे. तसं केलं असतं तर हडपसरचे ३०० पहिल्या तुकड्यात आले असते आणि आजचा मोकळा आकडा ७०० ऐवजी ४०० दिसला असता. हे ३०० डझन अडकून पडले असं वाटेल, पण माल वेळेवर उतरला की ते त्याच संध्याकाळी मोकळे होतात. काही मालक येणारा माल अजिबात धरत नाहीत. माझ्या मते ते फार झालं. तसं केलं तर आपण पुन्हा चिठ्ठ्या डकवण्यावरच येऊन थांबतो. अपवाद एकच: नवा कारखाना, ज्याची एकही खेप अजून आपल्याकडे उतरलेली नाही.

आता मोठ्या ऑर्डरीचा प्रसंग घ्या. मूळ तारखाच कायम धरा. १४ मेला बारामतीचा एक घाऊकवाला फोन करतो, त्याला ६०० डझन हवे आहेत. मोकळे ७०० आहेत, म्हणजे होकार देता येईल. पण दिले तर २६ मेपर्यंत काउंटरला फक्त १०० उरतात, आणि ते भर हंगामात दोन दिवसांत संपतील. अशा वेळी आधी ‘किती’ नव्हे, ‘कधी’ विचारायचं. सगळा माल त्याला लगेच लागतो असं क्वचितच असतं. ‘पाचशे आत्ता घ्या, उरलेले शंभर २८ तारखेला पाठवतो’ असं जमलं तर त्याच्या शंभरांसाठी दुसऱ्या तुकड्यातले मोकळे १०० वापरता येतात आणि काउंटरला आज २०० राहतात. नियम असा की नव्या ऑर्डरीला माल लावताना तिच्या डिलिव्हरीच्या आधीची सर्वांत जवळची खेप आधी वापरायची, ती पुरली नाही तरच मागे यायचं. आजचा माल हा सर्वांत मोलाचा असतो, कारण तो कुठल्याही तारखेच्या गिऱ्हाइकाला देता येतो.

काउंटरसाठी मोकळ्या मालातला ठरावीक हिस्सा राखून ठेवायचा की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे. रोखीच्या किरकोळ विक्रीत मार्जिन चांगलं सुटत असेल तर ठेवावा. पण मग तो हिस्सा हिशेबात एक ऑर्डर म्हणून लिहावा, ‘काउंटर, २५ मेपर्यंत, १५० डझन’, आणि रोजच्या विक्रीनुसार कमी करत जावा. मालकाच्या डोक्यात ठेवलेला हिस्सा फोनवरच्या मुलाला दिसत नाही.

राखून ठेवणं याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत झाली की जागाही अडते आणि मालही. ऑर्डर पक्की झाली की ती कागदावर राखली जाते. मोकळा आकडा कमी होतो, पण एकाही गठ्ठ्यावर कोणाचं नाव पडत नाही. नाव पडतं ते डिलिव्हरीच्या दोन दिवस आधी, गठ्ठे मोजून दारापाशी बाजूला काढताना. एकरेघी २०० पानी वही ही वहीच असते. कोथरूडला कोणते गठ्ठे जातात याने फरक पडत नाही, म्हणून १२ मेला तिचे ५०० डझन वेगळे काढायचं कारण नाही. आज काउंटरवरून गेलेल्या गठ्ठ्यांच्या जागी उद्या दुसरे येतात, शाळेला फक्त संख्या हवी असते.

शाळेचं नाव आणि बोधचिन्ह छापलेल्या मुखपृष्ठाच्या वह्यांचं मात्र वेगळं आहे. त्या दुसऱ्या कोणाला विकता येत नाहीत, त्यामुळे त्या या साठ्यात धरायच्याच नाहीत. टॅलीत त्यांचा वेगळा स्टॉक आयटम करावा. तसंच एकरेघी आणि दुरेघी यांचा हिशेब एकत्र करू नये. ‘लांब वही २००’ अशी एकच नोंद ठेवणाऱ्या दुकानात कागदावर मोकळे २०० असतात, आणि गोडाऊनमध्ये गेल्यावर ते सगळे दुरेघी निघतात.

शीट अशी बांधा. `Orders` नावाच्या पानावर पहिल्या रकान्यात गिऱ्हाईक, B मध्ये डिलिव्हरीची तारीख आणि C मध्ये द्यायचं बाकी असलेलं प्रमाण. मूळ ऑर्डरीचं प्रमाण नव्हे, बाकीचंच. दुसऱ्या पानावर प्रत्येक तुकड्याची एक ओळ. A मध्ये तुकड्याची सुरुवात, B मध्ये हाती येणारा माल (पहिल्या ओळीत गोडाऊनमधला मोजलेला विकण्याजोगा साठा), मग सूत्रं.

```
C2: =SUMIFS(Orders!C:C,Orders!B:B,"<"&A3)
C3: =SUMIFS(Orders!C:C,Orders!B:B,">="&A3,Orders!B:B,"<"&A4)
D2: =B2-C2
E2: =MIN(0,D2+E3)
F2: =MAX(0,D2+E3)
```

C3 चं सूत्र खालच्या ओळींत ओढा. D, E आणि F सगळ्या ओळींत ओढा. शेवटच्या तुकड्याखाली A मध्ये हंगामानंतरची एखादी तारीख टाका, नाहीतर शेवटच्या ओळीला कुठे थांबायचं ते कळणार नाही. F म्हणजे मोकळा माल. E म्हणजे मागच्या तुकड्याकडे सरकवलेली तूट. C2 मध्ये सुरुवातीची तारीख मुद्दाम घातलेली नाही. डिलिव्हरीची तारीख उलटून गेली तरी माल न गेलेल्या ऑर्डरी असतातच. त्या आजच्या मालावरचा पहिला हक्क आहेत, आणि सूत्रात आजची तारीख घातली तर नेमक्या त्याच गायब होतात. उलट, तारीख उलटूनही न आलेला माल B मध्ये कधीच धरायचा नाही. नवी तारीख मिळेपर्यंत तो नाही असंच समजायचं.

ही शीट पाहायची ती सकाळी दुकान उघडताना आणि कारखान्याचा किंवा मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला की लगेच. F2 चा आकडा काउंटरवर आणि व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणाऱ्या दोघांनाही दिसला पाहिजे, आणि तो एकच असला पाहिजे. शंभराहून मोठी प्रत्येक विक्री झाली की तो बदलावा, लहान विक्रीसाठी दुपारी एकदा पुरे. माल गोडाऊनमध्ये एकीकडे आणि दुकानात दुसरीकडे असेल तर एकूण आकडा एकच ठेवा. फक्त लगेच न्यायला किती आहे हे वेगळं लिहा, कारण भर दुपारी लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीतून टेम्पो आणायला लागणारा वेळ समोरचं गिऱ्हाईक थांबत नाही.

आकडा हळूहळू खोटा होऊ लागला तर कारण बहुतेक एकाच जागी सापडतं. माल ऑर्डरीप्रमाणे गेला, पण डिलिव्हरी चलन किंवा बिल करताना टॅलीत ऑर्डर नंबर निवडला नाही. मग साठा कमी होतो आणि ऑर्डरही बाकीच दिसते. एकच माल दोनदा वजा होतो. हडपसरचे ३०० असे निघाले तर मोकळा आकडा विनाकारण ३०० ने खाली दिसेल, दुकान भरलेलं असेल आणि काउंटरवरचा मुलगा ‘नाही’ म्हणत असेल. ओळखायची खूण सोपी आहे. बाकी ऑर्डरींच्या यादीत डिलिव्हरीची तारीख उलटलेल्या पण गिऱ्हाइकाने कधीच तक्रार न केलेल्या ऑर्डरी शोधा. ज्याला माल मिळाला नाही तो शांत बसत नाही. उरलेल्या शांत ऑर्डरी म्हणजे शाळेने पाचशेपैकी साडेचारशेच घेतले आणि बाकीचे नकोत म्हणून सांगितलं, पण नोंद उघडीच राहिली अशा असतात. टॅलीत त्या वेळेआधी बंद करण्याची सोय आहे. दर शनिवारी दहा मिनिटं बसून ती यादी साफ करावी.

आणि E2 मध्ये शून्याखालचा आकडा आला, तर? पुरवठ्यापेक्षा जास्त शब्द आधीच दिला गेला आहे, हे त्यातून कळतं. तेव्हा नवी विक्री थांबवायची आणि ऑर्डरींच्या यादीत सर्वांत सैल तारीख कोणाची आहे ते पाहायचं. शाळेने १२ जून लिहून दिलेलं असतं, पण वर्गात वाटप १६ ला असतं, हे फोन केल्यावरच कळतं. असा फोन तूट दिसली त्या दिवशी, दोन आठवडे आधी केला तर शाळेचे क्लार्क बहुधा तारीख बदलून देतात. हाच फोन डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी केला तर ते देत नाहीत, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ऑर्डरीसाठीही बोलावत नाहीत.